शनिवारचे चार तास

न्यू जर्सीत आमच्या मंडळाच्या गणपतीला महाप्रसादाची रांग शाळेच्या जिममधून निघते ती थेट पार्किंगपर्यंत जाते. त्या रांगेत लोक एकमेकांना जे विचारतात ते फोन करून कधी विचारणार नाहीत. कुणाला घराच्या कर्जाचं विचारायचं असतं, कुणाला मुलाच्या कॉलेजचं. माझी सगळी नोकरी लोकांची पगारपत्रकं तयार करण्यात गेली, त्यामुळे माझ्या वाट्याला पगाराचे प्रश्न येतात. २०२५ च्या गणपतीत माझ्या पुढे उभ्या असलेल्या मुलीनं (मुलगी माझ्या लेखी, तिला दहा वर्षांचा मुलगा आहे) मागे वळून विचारलं, "काका, शनिवारी सक्तीनं ट्रेनिंगला बोलावलं तर त्याचा ओव्हरटाइम मिळतो ना?"

मी विचारलं, "त्या आठवड्यात तुझे एकूण तास किती भरले?"

"ते कशाला? शनिवार होता ना. माझा सुट्टीचा दिवस."

अमेरिकेत तासावर पगार घेणाऱ्या आपल्या बहुतेक माणसांचा घोळ इथेच होतो. ती एका औषधांच्या दुकानात टेक्निशियन आहे. गोळ्या मोजणं, लेबलं लावणं, विमा कंपनीशी भांडणं, असं काम. पगार तासाला २० डॉलर. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, वार्षिक पगारावर. त्याला कंपनी ट्रेनिंगला पाठवते तेव्हा ते विमानानं, हॉटेलात राहून, जेवणाखाण्यासकट होतं आणि त्याचा पगार एका सेंटनंही हलत नाही. त्याच्यासारख्या नोकऱ्या ओव्हरटाइमच्या कायद्यातून वगळलेल्या आहेत. ठरावीक रकमेच्या वर वार्षिक पगार आणि विशिष्ट प्रकारचं काम असेल तर तास मोजायचेच नाहीत. त्यामुळे घरात सल्ला द्यायला बसलेला माणूस अगदी मनापासून सांगतो, "अगं, ट्रेनिंगचे कसले पैसे मागतेस? तुलाच शिकायला मिळतंय." त्याच्या जगात ते खरं आहे. तिच्या जगात नाही.

तिचं काय झालं ते आधी सांगतो. ऑगस्टमधल्या एका आठवड्यात तिनं सोमवार ते शुक्रवार रोजच्या पाच शिफ्ट केल्या. शिफ्ट आठ तासांची असली तरी मधली अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी बिनपगारी, म्हणजे रोजचे साडेसात आणि आठवड्याचे साडेसदतीस तास. मंगळवारी रात्री मुलगा झोपल्यावर तिनं लॅपटॉपवर कंपनीची दोन मॉड्यूल पूर्ण केली, एक रुग्णांच्या गोपनीयतेवर आणि एक नव्या संगणकप्रणालीवर. दीड तास लागला. मॉड्यूल त्या आठवड्यात संपवणं सक्तीचं होतं, आणि दुकानात काउंटर सोडून बसायला कुणाला वेळ नसतो. "घरी करून टाका," असं मॅनेजरनं सगळ्यांना सांगितलं होतं. मग शनिवारी सकाळी नऊ ते एक, त्याच प्रणालीचं प्रत्यक्ष ट्रेनिंग झालं. हजेरीच्या कागदावर सही घेतली, पण घड्याळात पंच करायला कुणी सांगितलं नाही. पगार आला तो साडेसदतीस तासांचा, ७५० डॉलर.

या गोष्टीत दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवायला हवेत. ट्रेनिंगचे तास 'कामाचे तास' धरायचे का, हा पहिला. ते धरल्यावर आठवड्याची चाळीस तासांची रेघ ओलांडली गेली का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ट्रेनिंग कसलं होतं यावर ठरतं. दुसऱ्याचं उत्तर आठवडा कसा गेला यावर ठरतं, आणि त्यात ट्रेनिंगचा काही संबंध नसतो. लोक दोन्हींची सरमिसळ करतात. मग हक्काचे पैसे सोडून देतात, किंवा जिथे हक्क नाही तिथे भांडायला जातात.

पहिला प्रश्न. अमेरिकेचा मूळ कायदा १९३८ चा, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीचा. आठवड्याला चाळीस तासांवरच्या कामाला दीडपट दर, हा त्याचा गाभा. कामाचे तास कशाला म्हणायचं याचा खुलासा श्रम विभागाच्या नियमांत आहे, आणि ट्रेनिंगसाठी त्यात एक चौकट दिलेली आहे. ट्रेनिंगचा वेळ पगारातून वगळायचा असेल तर चार गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. ते ट्रेनिंग नेहमीच्या कामाच्या वेळेबाहेर असलं पाहिजे. हजेरी खरोखर ऐच्छिक असली पाहिजे. विषय त्या माणसाच्या कामाशी थेट जोडलेला नसला पाहिजे. आणि ट्रेनिंग चालू असताना कंपनीचं कुठलंही उत्पादक काम त्याच्याकडून करून घेतलेलं नसलं पाहिजे.

चारही. तीन असून भागत नाही. बहुतेक मॅनेजर पहिल्याच अटीवर थांबतात. "शिफ्टच्या बाहेर होतं ना, मग पगार कसला?" असं ते म्हणतात, तेव्हा उरलेल्या तीन अटी त्यांच्या गावीही नसतात. आमच्या टेक्निशियनच्या बाबतीत दुसरी आणि तिसरी अट सरळ मोडते. ट्रेनिंग सक्तीचं होतं आणि ती रोज वापरते त्याच प्रणालीचं होतं. यातली एकच मोडली असती तरी तास पगारी झाले असते. सक्ती म्हटली की पहिल्या प्रश्नाचा निकाल लागलाच.

पण सक्ती दर वेळी सक्तीच्या कपड्यांत येत नाही. नोटीस बोर्डावर 'ऐच्छिक' लिहिलेलं असतं आणि मॅनेजर जाता जाता म्हणतो, "जे येणार नाहीत त्यांच्या शिफ्टचं मला बघावं लागेल." नियमांनी हे आधीच ओळखलेलं आहे. न आल्यास आपली नोकरी किंवा कामाच्या अटी बिघडतील अशी समजूत कंपनीनं करून दिली असेल, तर ती हजेरी ऐच्छिक नव्हे. मी स्वतः एक साधी खूण बघतो. जे आले नाहीत त्यांची नावं कुणी लिहून घेतली का? ऐच्छिक कार्यक्रमाला गैरहजेरीची यादी नसते.

कामाशी थेट संबंध कसा ओळखायचा, यासाठी नियमांनी दिलेलं उदाहरण त्यांच्या जुन्या काळातलं आहे, पण चोख आहे. लघुलेखिकेला लघुलेखनाचा वर्ग दिला तर तो तिच्या कामाशी जोडलेला. तिनं हिशेबनिसाचं काम शिकायचा वर्ग घेतला तर तो तसा नसू शकतो, कारण ती दुसऱ्या कामाची तयारी आहे. आहे ते काम अधिक चांगलं करण्यासाठी शिकणं आणि नव्या कामासाठी शिकणं, यांच्यातला हा फरक. ऐच्छिक ट्रेनिंगमध्येच तो महत्त्वाचा ठरतो, हे मात्र लक्षात असू द्या. सक्तीनं हिशेब शिकायला बसवलं तर तो वेळही पगारीच.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण रांगेत तिनं लगेच विचारलं, "मग मी सर्टिफिकेशनच्या परीक्षेचा अभ्यास केला त्याचेही मागू का?" नाही. कर्मचारी आपण होऊन, नोकरीबाहेर, स्वतंत्र शाळेत किंवा कॉलेजात शिकायला गेला तर विषय कामाचा असला तरी तो वेळ कामाचा धरत नाहीत. राष्ट्रीय टेक्निशियन प्रमाणपत्र टिकवायला दर दोन वर्षांनी वीस तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. ते तिनं स्वतः निवडून, आपल्या वेळेत केलं तर ते तिचं तिलाच. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. ते प्रमाणपत्र दुकान बदललं तरी तिच्यासोबत जातं. त्या दुकानाची संगणकप्रणाली सोबत जात नाही.

आता मॉड्यूलचा दीड तास. हा वेळ सगळ्यात सहज हरवतो, कारण तो कुणी बघत नाही. पण मालकाला माहीत असलेलं किंवा माहीत असायला हवं असलेलं काम घरी केलं तरी ते काम असतं. त्यानं ते होऊ दिलं म्हणजे त्याचे पैसे लागू झाले. "मी तिला घरी करायला सांगितलं नव्हतं," असं म्हणून सुटता येत नाही. इथे तर सांगितलंच होतं. गंमत अशी की हे काम दुकानात केलं असतं तर त्याची जितकी पक्की नोंद झाली असती त्याहून ती घरी पक्की होते. ट्रेनिंगचं सॉफ्टवेअर कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर पडलं, परीक्षा कितव्यांदा पास झालं, हे सगळं टिपून ठेवतं. पगाराचं सॉफ्टवेअर वेगळं असतं, आणि दोघांची गाठ कुणी घालून दिलेली नसते. मी पगारपत्रकं करायचो तेव्हा मला ट्रेनिंगच्या नोंदी कधी दिसत नसत. त्या मनुष्यबळ विभागाकडे असत, आणि त्यांना तासांशी काही घेणं नसे. यात लबाडी असतेच असं नाही. दोन संगणक एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच पुष्कळदा कारण असतं.

काही कंपन्या यावर एक तोडगा काढतात. मॉड्यूलवर 'अंदाजे वीस मिनिटं' लिहिलेलं असतं आणि तेवढ्याच मिनिटांचे पैसे आपोआप मिळतात. बरं दिसतं, पण कायदा अंदाज मोजत नाही, लागलेला वेळ मोजतो. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या माणसाला पस्तीस मिनिटं लागली आणि तो खरोखर त्यातच गुंतलेला होता, तर पस्तीस मिनिटं. मधे उठून कुकर लावला ती मिनिटं अर्थात नाहीत.

पहिला प्रश्न मिटला. दीड तास आणि चार तास, दोन्ही कामाचे. आता दुसरा.

तिच्या कंपनीचा कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि शनिवारी संपतो. कंपनीनं कुठले सात दिवस धरायचे ते तिनं ठरवावं, पण एकदा ठरवले की ते पक्के. साडेसदतीस अधिक दीड म्हणजे एकोणचाळीस. शनिवारी दहा वाजता, ट्रेनिंगचा पहिला तास संपला तेव्हा चाळीस भरले. उरलेले तीन तास ओव्हरटाइमचे. चाळीस तासांचे ८०० डॉलर, तीन तासांचे तीस डॉलर दरानं ९०. एकूण ८९०. हातात आले ७५०. म्हणजे १४० डॉलर राहिले.

शनिवार असण्याला यात काहीच किंमत नाही. शनिवार, रात्र, सण, यांतलं काहीही या कायद्यात ओव्हरटाइम घडवत नाही. करारात किंवा युनियनमार्फत जास्त दर ठरला असेल तर तो वेगळा. शिवाय इथे दिवसाचीही मर्यादा नाही. भारतातून आलेल्या माणसाला हे पचत नाही, आणि त्याला कारण आहे. तिथे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या हिशेबात दिवसाच्या नऊ किंवा आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांपलीकडे गेलं की दुप्पट दर मिळायचा. दोनपैकी कुठलीही रेघ पुरायची. चाकणच्या कारखान्यात पूर्ण शिफ्टनंतर दोन तास सक्तीनं बसवलं तर दिवसाची रेघ त्याच संध्याकाळी ओलांडली जायची. न्यू जर्सीत तसं नाही. आठ तासांच्या कामानंतर चार तास ट्रेनिंग झालं आणि गुरुवार-शुक्रवार सुट्टी मिळाली, तर दीडपट काही नाही. अमेरिकेतच कॅलिफोर्नियात आहे. तिथे दिवसाला आठ तासांवर दीडपट आणि बारा तासांवर दुप्पट. फ्रीमाँटच्या बहिणीचा अनुभव एडिसनच्या बहिणीला लागू पडत नाही तो यामुळे.

हिशेब ऐकून ती म्हणाली, "पण काका, पुढच्याच आठवड्यात लेबर डे होता. त्या शनिवारी पुन्हा चार तास बोलावलं. त्यात तर माझे साडेएकेचाळीस भरले!" पगाराच्या कागदावर भरले खरे. सोमवारच्या सुट्टीचे साडेसात तास पगारी, मंगळवार ते शुक्रवार तीस, शनिवारी चार. पण ओव्हरटाइमच्या मोजणीत काम केलेले तासच येतात. सुट्टीचे पैसे मिळाले तरी त्या दिवशी तिनं काम केलं नव्हतं. काम झालं चौतीस तास. म्हणून चार तासांचे साध्या दरानं ८० डॉलर, आणि ओव्हरटाइम शून्य. आजारपणाची रजा, वार्षिक रजा, सगळ्यांचं हेच. एकच शनिवार, एकच वर्ग, तेच चार तास. एका आठवड्यात त्यांतले तीन दीडपट, दुसऱ्यात एकही नाही.

कंपनीला इथे एक कायदेशीर पळवाट आहे. पळवाट म्हणणंही कडक होईल, ती तिची मुभा आहे. शनिवारी चार तासांचं ट्रेनिंग असेल तर त्याच आठवड्यात शुक्रवारी तिला लवकर घरी पाठवून एकूण चाळीसच्या आत ठेवता येतं. चालत नाही ते हे, की या आठवड्याचे जादा तास पुढच्या आठवड्यात सुट्टी देऊन फिटवायचे. पगार दोन आठवड्यांनी होतो म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन आठवडे मिळून ऐंशी मोजतात. एका आठवड्यात त्रेचाळीस आणि दुसऱ्यात पस्तीस मिळून अठ्ठ्याहत्तर होतात, आणि मॅनेजर म्हणतो, ऐंशीसुद्धा भरले नाहीत. पण कायद्याला प्रत्येक आठवडा स्वतंत्र आहे. पहिल्यातले तीन तास ओव्हरटाइमचेच राहतात. पगाराच्या कागदावर दोन आठवड्यांची एकच बेरीज दिसत असेल तर आठवडेवार फोड मागून घ्यावी. सरकारी नोकरांना जादा तासांऐवजी दीडपट सुट्टी देण्याची सोय कायद्यात आहे. खासगी दुकानाला ती नाही.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण ती मोठ्या साखळी दुकानांत दिसते. ट्रेनिंगचा दर वेगळा ठेवता येतो. तासाला २० डॉलरवाल्या माणसाला ट्रेनिंगचे १६ देऊ, असं आधी सांगून ठरवलं असेल तर ते चालतं. मात्र किमान वेतनाखाली जाता येत नाही, आणि २०२५ साली न्यू जर्सीत ते १५ डॉलर ४९ सेंट होतं. पण मग ओव्हरटाइम कुठल्या दरानं? पगार काढणारे इथे घसरतात. शेवटचे तीन तास ट्रेनिंगचे होते म्हणून सोळाचे दीडपट, म्हणजे चोवीस, असं ते लावून टाकतात. तसा दर आधीच ठरवून घेतलेला नसेल तर नियम सरासरीचा आहे. एकोणचाळीस तासांचे ७८० आणि चार तासांचे ६४, मिळून ८४४. भागिले त्रेचाळीस केले की तासाचा सरासरी दर १९ डॉलर ६३ सेंट. सगळ्या त्रेचाळीस तासांचे साधे पैसे त्या ८४४ मध्ये आलेच आहेत, म्हणून तीन तासांवर निम्मा दर आणखी द्यायचा. ते २९ डॉलर ४४ सेंट होतात. एकूण ८७३ डॉलर ४४ सेंट. तिच्या दुकानात असा वेगळा दर आधी कुणी सांगितला नव्हता, तेव्हा तिचे वीसच.

ट्रेनिंग दुसऱ्या शहरात असतं तर प्रवासही आला असता. घर ते रोजचं दुकान हा प्रवास कधीच मोजत नाहीत. पण एका दिवसासाठी एडिसनहून चेरी हिलला पाठवलं, तर नेहमीचा जायचा-यायचा वेळ वजा करून उरलेला प्रवास कामाच्या तासांत धरतात, आणि तोही चाळीसच्या मोजणीत जातो.

आता अशी एक जागा, जिथे कायदा आपल्याला वाटतो तितका माणसाच्या बाजूचा नाही. समजा तिच्याच दुकानातली दुसरी बाई आठवड्याला पंचवीस तास, त्याच दरानं काम करते. तिनंही ते शनिवारचे चार तास फुकट भरले. हक्क उघड आहे, पण कुठल्या कायद्याखाली? संघराज्याचा कायदा दोनच गोष्टींची हमी देतो, किमान वेतन आणि चाळीसवरचा ओव्हरटाइम. तिला ५०० डॉलर मिळाले आणि काम झालं एकोणतीस तास. भागून पाहिलं तर तासाला सतरा डॉलरच्या वर पडतात. संघराज्याचं किमान वेतन सव्वासात डॉलर आहे. तेव्हा किमान वेतन मोडलं नाही, चाळीस ओलांडले नाहीत. त्या कायद्याखाली तिची तक्रार बहुतेक न्यायालयांत उभीच राहत नाही. तिला राज्याच्या वेतन कायद्याकडे, न्यू जर्सीच्या श्रम विभागाकडे जावं लागतं. कामाचा ठरलेला पगार पूर्ण द्या, हे राज्याचा कायदा सांगतो, आणि तिथे सहा वर्षांपर्यंत मागे जाता येतं. संघराज्याच्या कायद्यात साधारण दोन वर्षं, मालकानं जाणूनबुजून केलं असेल तर तीन.

हे पुस्तकी नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयासमोर लाँग आयलंडच्या एका रुग्णालय-समूहाचं प्रकरण आलं होतं. परिचारिका आणि श्वसनोपचार करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं असं, की जेवणाच्या सुट्टीत, शिफ्टच्या आधी-नंतर आणि ट्रेनिंगला आम्ही जो वेळ देतो त्याचे पैसे मिळत नाहीत. त्यातल्या एकीच्या साडेबारा तासांच्या तीन शिफ्ट, म्हणजे आठवड्याला साडेसदतीस तास. अगदी आमच्या टेक्निशियनइतकेच. चाळीसपर्यंतचे अडीच तास कसे भरत होते ते तिनं सांगितलं ते असं. सुट्टीतलं थोडंथोडं काम, शिफ्टच्या आधी-नंतरची काही मिनिटं, महिन्याला अर्ध्या तासाची बैठक, आणि वर्षाला सरासरी दहा तासांचं ट्रेनिंग. न्यायालयानं बेरीज करून पाहिली. सगळं एकाच आठवड्यात आलं असतं तर चाळीस ओलांडले असते. पण ते तसं आलं असा एकही आठवडा तक्रारीत दाखवलेला नव्हता. दावा टिकला नाही. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयानं, ज्याच्या हद्दीत न्यू जर्सी येतं, परिचारिकांच्याच दुसऱ्या एका प्रकरणात हीच कसोटी स्वीकारली. तारखांसकट हिशेब द्या असं ते न्यायालय म्हणालं नाही. पण चाळीस तास भरलेल्या एखाद्या आठवड्यात हे फुकट काम झालं, एवढं तरी सांगा, असं ते म्हणालं.

'वर्षाला दहा तास ट्रेनिंग' हे वाक्य म्हणूनच कुचकामी आहे. 'ऑगस्टच्या अमुक आठवड्यात साडेसदतीस, अधिक मंगळवारी दीड, अधिक शनिवारी चार' या वाक्यात पैसे आहेत.

मी तिला छोटी वही करायला सांगितलं. रोजची तारीख, सुरुवात, शेवट, आणि शनिवारी आठवड्याची बेरीज. घड्याळ कंपनीचं असताना स्वतःची वही कोण मानणार, असं तिला वाटलं. त्याचं उत्तर १९४६ इतकं जुनं आहे. मिशिगनमधल्या एका मातीच्या भांड्यांच्या कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की तासांची नोंद ठेवणं हे मालकाचं काम आहे. त्यानं ती नीट ठेवली नसेल, तर कामगारानं किती काम केलं याचा रास्त अंदाज बांधता येईल एवढा पुरावा दिला तरी पुरतो. तो अंदाज खोडून काढणं मग मालकाकडे जातं. वही हा तसा पुरावा. ट्रेनिंग सॉफ्टवेअरमधली वेळेची नोंद त्याहून भक्कम. नोकरी सोडल्यावर ते पान उघडत नाही, तेव्हा 'पूर्ण झालं' असं दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो वेळेवर काढून ठेवायचा. पगाराच्या कागदासोबत तो जपायचा. एच-४ वरून कामाचं कार्ड काढलेल्या बायका तक्रार करायला बिचकतात. पण केलेल्या कामाच्या मजुरीचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही, आणि तक्रार केली म्हणून सूड घ्यायलाही कायद्यानं बंदी आहे. तरी माझा अनुभव असा, की दहापैकी आठ वेळा प्रकरण सरकारी कचेरीपर्यंत जात नाही. पगार विभागाला आठवडेवार हिशेब लिहून पाठवला की पुरतं. तिथे बसलेल्या माणसाला भांडणापेक्षा बेरीज बरी वाटते. मी तिथे बसायचो.

तिनं दोन ओळींची मेल केली. दहा दिवसांनी ८० डॉलर आले, शनिवारचे चार तास, साध्या दरानं. तिला वाटलं झालं. मी म्हटलं, पुन्हा बेरीज कर. दीड तासाचे ३० राहिले होते, आणि तीन ओव्हरटाइम तासांवरचे दहा-दहा मिळून आणखी ३०. तिनं दुसरी मेल केली, या वेळी मॉड्यूलच्या वेळेचा फोटो जोडून. साठ डॉलर पुढच्या पगारात आले. लेबर डेच्या आठवड्याचे ८० तिला न मागता मिळाले.

ऑक्टोबरात त्यांच्या दुकानात नोटीस लागली. मॉड्यूल घरी करायची नाहीत, शिफ्टमध्येच करायची. परवा भेटली तेव्हा सांगत होती, "काका, आता मॉड्यूल लावलं की काउंटरवर घंटा वाजते. वीस मिनिटांच्या मॉड्यूलला तीन दिवस लागतात."